सारखे कपडे, मग खाली काय लिहायचं? बहिणीसोबतच्या आणि मैत्रिणीसोबतच्या ट्विनिंग फोटोंची कॅप्शन्स

दोन बहिणी, एकाच खणाचे कपडे, जिन्यात काढलेला छान फोटो. खाली लिहिलेलं असतं, 'ताईसोबत ट्विनिंग'. कपडे सारखे आहेत हे बघणाऱ्याला दिसलेलंच असतं. शेजारी ताई आहे हेही निम्म्या लोकांना ठाऊक असतं. म्हणजे कॅप्शनने नवं काहीच सांगितलं नाही, आणि वाचणारा बदाम दाबून पुढे गेला.

ट्विनिंगच्या कॅप्शनमध्ये हीच चूक सगळ्यात जास्त होते. सारखेपणा दाखवायचं काम फोटो करून चुकलेला असतो. कॅप्शनने सांगायचा असतो तो फरक. कापड एकच, पण माणसं दोन, आणि त्या दोन माणसांत काय वेगळं आहे ते एका ओळीत आलं की फोटोकडे पुन्हा बघावंसं वाटतं. म्हणून पुढची सगळी पद्धत या एका सूत्रावर बेतली आहे: आधी सारखं, मग वेगळं.

फोटोत नेमकं काय जुळलंय?

लिहायला बसण्याआधी फोटो मोठा करून बघा आणि नेमकं काय जुळलंय ते स्वतःला एका वाक्यात सांगा. 'सेम टू सेम' म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतो. कधी कापड एकच असतं, म्हणजे एकीची साडी आणि दुसरीचा कुर्ता एकाच खणाचा. कधी फक्त रंग एक असतो, कापड आणि शिलाई वेगळी. आणि कधी नक्षी एक पण रंग उलटे असतात, एकीची साडी हिरवी आणि काठ लाल, तर दुसरीची लाल आणि काठ हिरवा. या प्रत्येक फोटोला वेगळं कॅप्शन लागतं. उलट्या रंगांच्या फोटोला 'अदलाबदल' हा विषय आपोआप मिळतो ('तिचा काठ माझ्या अंगावर, माझा तिच्या'). नुसता रंग एक असेल तर तिथे काठाची भाषा खोटी वाटते.

खोटं कसं पडतं याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे 'एकाच ताग्यातलं' हा शब्दप्रयोग. तो फार गोड आहे, कारण दिवाळीला एकच तागा आणून घरातल्या सगळ्या पोरांना त्याचेच कपडे शिवायचे, ही आठवण बहुतेक मराठी घरांत आहे. पण साडी तयार आणली असेल आणि कुर्त्याचं कापड मीटरवर कापून घेतलं असेल, तर दोन्हींच्या रंगात थोडा फरक असू शकतो, कारण सूत वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं असतं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो फरक कळत नाही, दिवसाच्या उजेडात काढलेल्या फोटोत मात्र लगेच दिसतो. कपड्यांतलं कळणारी एखादी मावशी खाली लिहितेच, 'तागा एक नाही दिसत गं'. अशा वेळी 'एकच खण' म्हणा. ते खरं आहे आणि पुरेसंही.

फरक गोळा करा

आता दहा मिनिटं काढून कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये या कपड्यांची हकिगत लिहून काढा. नात्याबद्दल काही लिहू नका, फक्त कपड्यांबद्दल लिहा. कापड कोणी पसंत केलं? कोणी आधी नाक मुरडलं? शिंप्याकडून कोणाचं वेळेवर आलं, कोणाचं आदल्या रात्री? कोणाला उसवून घ्यावं लागलं? कपडे घालताना कोणी कोणाला मदत केली? फोटो झाल्यावर आधी कोणी बदलले? पैसे कोणी दिले?

यादी आठ-दहा ओळींची झाली की त्यातल्या दोन-तीन अशा निघतात की वाचताना तुम्हालाच हसू येतं. कॅप्शन तिथे असतं. 'जिवाभावाची', 'माझी सावली', 'रक्तापलीकडचं नातं' असले शब्द या यादीत येऊच शकत नाहीत, कारण त्यांचा कपड्यांशी काही संबंध नाही. यातूनच एक सोपी परीक्षाही मिळते: हेच कॅप्शन वेगवेगळ्या कपड्यांतल्या फोटोखाली चालेल का? चालत असेल तर ते मैत्रीचं कॅप्शन झालं, ट्विनिंगचं नव्हे.

फरक निवडताना एक मर्यादा पाळावी. तो वागण्यातला असावा, अंगाचा नसावा. सारख्या कपड्यांत दोन शरीरं शेजारी उभी राहिली की जाडी, उंची, रंग यांची तुलना बघणाऱ्याच्या मनात तशीच येते. कॅप्शनने तिला हात दिला की प्रतिक्रियांमध्ये सगळे त्यावरच बोलतात, आणि मग फोटो काढून टाकण्याची वेळ येते. मापाचा विनोद करायचाच असेल तर स्वतःच्या मापाचा करा: 'कापड अडीच मीटर आणलं होतं, मला तीन लागलं.' दुसरीच्या मापाबद्दल तिने स्वतः लिहिलं तरच.

मराठीत आधीच असलेले दुहेरी शब्द

ट्विनिंगसाठी मराठी ही फार श्रीमंत भाषा आहे, आणि तरी बहुतेक कॅप्शन्स इंग्रजीत लिहिली जातात याची खंत वाटते. 'सारखं' हाच शब्द घ्या. त्याचा अर्थ 'एकसारखं' आणि त्याचाच अर्थ 'सतत'. म्हणून 'कपडे आजच सारखे, भांडणं कायमच सारखी' या ओळीत दुसरा 'सारखी' दोन्ही अर्थांनी वाचता येतो. पण हा खेळ एका कॅप्शनमध्ये एकदाच करावा. 'सारखे कपडे, सारखी माणसं, सारखं प्रेम' असं लिहिलं की तीन वेळा एकच अर्थ येतो आणि शब्दातली गंमत निघून जाते.

'जुळणं' हा दुसरा. जुळ्या बहिणी आणि जुळलेले काठ एकाच घरातले शब्द आहेत. 'जुळ्या नाही, जुळवून घेतलेल्या' हे चार शब्दांचं कॅप्शन सख्ख्या बहिणींना आणि खोलीतल्या मैत्रिणींना, दोघींनाही लागू पडतं. त्यात 'जुळवून घेणं' म्हणजे तडजोड करणं हा अर्थही येतो. कापड जुळवताना प्रत्यक्षात तेच झालेलं असतं, एकीने आपला आवडता रंग सोडलेला असतो.

पाठीला पाठ लावून काढलेल्या फोटोसाठी तर भाषेने आयतं देऊन ठेवलंय. आपल्यानंतर जन्मलेली ती 'पाठची'. 'माझ्या पाठची. फोटोतही पाठीला पाठ.' इथे नातं, वयाचा क्रम आणि पोझ तिन्ही सांगून झालं, आणि एकही शब्द वाया गेला नाही. हे थोरल्या भावंडानेच लिहायचं असतं. धाकटीने लिहिलं तर उलटं होईल.

काही शब्द मात्र जपून. 'सूत जुळलं' हे कापडाच्या फोटोला सुचतंच, पण मराठीत सूत जुळतं ते बहुतेकदा प्रेमात. दोन मैत्रिणींत चालून जाईल, भाऊ-बहिणीच्या फोटोखाली अजिबात नको. 'एका माळेचे मणी' वरवर सुंदर वाटतं, पण ते बोललं जातं दोघंही सारखेच लबाड असतात तेव्हा. तसा चेष्टेचा सूर हवा असेल तर घ्या, कौतुक म्हणून घेऊ नका. 'जोडी' हा शब्द नवरा-बायकोचा वाटतो. शाळेपासूनच्या मैत्रिणींना तो चालतो, मामेभावासोबतच्या फोटोला नाही.

आणि क्रियापदं. मराठीत प्रत्येक कपडा वेगळ्या तऱ्हेने अंगावर चढतो. साडी नेसतात, कुर्ता घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात. 'आम्ही दोघींनी सेम साडी घातली' असं लिहिलं की आजीच्या वयाची वाचणारी तिथेच अडखळते. हाच नियम कामालाही येतो. कापड एक पण शिलाई वेगळी असेल तर दोन क्रियापदं शेजारी ठेवली की फरक आपोआप बोलतो. खालच्या उदाहरणात तेच केलंय.

घरी वेगळी बोली असेल तर तिच्यात लिहा. 'कापड एकच हाय, पर अंगाला येगळं बसतंय' या ओळीत जो आवाज आहे तो प्रमाण मराठीत येत नाही. अट एकच. ती बोली तुम्ही दोघी एकमेकींशी खरोखर बोलत असाल तरच. उसनी आणलेली बोली चेष्टा केल्यासारखी वाटते.

मी, आम्ही की आपण

इथे मराठी आणि इंग्रजी यांच्यात मोठा फरक आहे, आणि भाषांतर केलेली कॅप्शन्स नेमकी इथेच फसतात. इंग्रजीत एकाच शब्दावर भागतं. मराठीत 'आम्ही दोघी' म्हटलं की ऐकणारा त्यात नसतो, आणि 'आपण दोघी' म्हटलं की ऐकणारीच दुसरी असते. कॅप्शन जगाला उद्देशून असेल तर 'आम्ही'. बहिणीला उद्देशून असेल तर 'आपण' किंवा 'तू'. 'आपण दोघी एकाच रंगात!' असं सगळ्यांसाठीच्या पोस्टखाली लिहिलं की वाचणाऱ्याला क्षणभर प्रश्न पडतो, मी कुठल्या रंगात?

दोन्ही चांगली आहेत, पण एका कॅप्शनमध्ये एकच. पहिली ओळ 'आम्ही दोघी' आणि दुसरी 'तू नसतीस तर' असं झालं की तोंड मधेच वळल्यासारखं होतं. बहिणीला काही सांगायचंच असेल तर ते खाली प्रतिक्रियेत लिहा. ती जागा खास तिच्यासाठीच मोकळी असते.

दोघी बायका असल्या तर 'दोघी सारख्या', दोघे पुरुष असले तर 'दोघे सारखे', आणि भाऊ-बहीण असतील तर बोलण्यात 'दोघं सारखी'. फोनचा कीबोर्ड आधीचा शब्द आपणहून भरतो तेव्हा 'दोघे' आणि 'दोघी' यांची अदलाबदल होते. तेवढं पोस्ट करण्यापूर्वी बघा.

एक कॅप्शन सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा फोटो असा आहे. दोन सख्ख्या बहिणी, वांगी रंगाचा खण. थोरली खणाची साडी नेसलेली आहे, धाकटीने त्याच खणाचा कुर्ता शिवून घेतलाय. जिन्याच्या दोन पायऱ्यांवर उभ्या आहेत आणि धाकटीने ताईच्या पदराचं टोक हातात धरलंय. दिवाळीतला फोटो आहे, पोस्ट करणार आहे धाकटी.

पहिला मसुदा बहुतेकांचा असतो तोच: 'ताईसोबत ट्विनिंग, दिवाळी स्पेशल'. यातून फोटोत न दिसणारं काहीच कळत नाही. दिवाळीही तारखेवरून कळतेच.

दुसरा मसुदा भावनेकडे झुकतो: 'ताई म्हणजे दुसरी आई. नेहमी अशीच पाठीशी राहा.' हे मनापासून असेल, पण परीक्षेत नापास. कपडे बदलले तरी हे तसंच्या तसं चालतं.

आता हकिगतीची यादी. खण ताईने पसंत केला. धाकटीला मोरपंखी हवा होता. दुकानात दोघींसाठी साड्याच बघितल्या होत्या, पण धाकटीला अजून साडी नीट नेसता येत नाही, म्हणून तिने साडेपाच मीटरच्या साडीऐवजी अडीच मीटर कापड घेऊन कुर्ता शिवला. ताई दर दिवाळीला म्हणते, यंदा तुला निऱ्या शिकवते. कुर्त्याला अस्तर लावलंय, नाहीतर खण अंगाला टोचतो. फोटो झाल्यावर धाकटीने तासाभरात कपडे बदलले, ताई रात्रीपर्यंत साडीत होती.

यातली मोरपंखीची गोष्ट बरी आहे, पण फोटोत मोरपंखी कुठेच नसल्याने ती समजावून सांगावी लागेल. अस्तराची गोष्ट उपयोगी आहे, गंमत नाही. साडी आणि कुर्ता हा फरक मात्र फोटोत समोर दिसतो, आणि त्यामागचं कारण मात्र दिसत नाही. अशीच गोष्ट घ्यावी, जिचं एक टोक चित्रात आहे आणि दुसरं चित्राबाहेर.

तिसरा मसुदा: 'ताईने साडी घेतली आणि मला साडी नेसता येत नाही म्हणून मी त्याच कापडाचा कुर्ता शिवून घेतला.' सगळं खरं, पण एका दमात सांगितल्यामुळे गंमत वाक्याच्या मधेच संपली. ही ओळ तोडायला हवी. सारखेपणा आधी, अगदी छोटा. मग फरक. क्रियापदं दोन, शेजारी शेजारी.

चौथा मसुदा:

'खण एकच. ताई नेसली, मी घातला.'

इथे काम झालं. 'एकच' या शब्दाशी वाचणारा थांबतो, मग नेसणं आणि घालणं हा फरक येतो आणि डोळे पुन्हा फोटोकडे जाऊन साडी आणि कुर्ता बघून येतात. 'ताईने नेसली' असंही बोललं जातं, पण 'ताई नेसली' जास्त लयीत बसतं. खण पुल्लिंगी, म्हणून 'घातला'. इथे 'घातली' लिहिलं तर धाकटीनेही साडीच घातली असा अर्थ होईल आणि सगळी ओळ कोसळेल.

दुसरी ओळ हवीच असं नाही. पण यादीत निऱ्यांची गोष्ट शिल्लक आहे आणि ती पहिल्या ओळीचं कारण सांगते:

'खण एकच. ताई नेसली, मी घातला.
निऱ्या शिकवते म्हणाली होती, त्याला चार दिवाळ्या झाल्या.'

चार हा आकडा महत्त्वाचा आहे. 'खूप वर्षं झाली' म्हटलं असतं तर ती नुसती तक्रार झाली असती. आकडा आला की ताईला खाली उत्तर द्यावंच लागतं. आणि ट्विनिंगच्या पोस्टची खरी मजा तिथेच असते, दुसरीने सगळ्यांसमोर दिलेल्या उत्तरात.

हेच ताईला स्वतःच्या खात्यावर टाकायचं असेल तर नुसतं उलटवून चालत नाही. 'खण एकच. मी नेसले, धाकटीने शिवून घेतला.' आणि दुसरी ओळ तिच्या बाजूने: 'चार दिवाळ्या निऱ्या शिकवायला बसले, ही चार दिवाळ्या फराळाला उठून गेली.' दोन्ही पोस्ट एकाच दिवशी दोन खात्यांवर आल्या तर एक हकिगत दोन तोंडांनी सांगितली जाते, आणि नातेवाइकांना दोन्हींकडे लिहावंसं वाटतं.

भाऊ-बहीण असतील तर

मुलगा आणि मुलगी सारख्या रंगात उभे दिसले की अनोळखी माणूस त्यांना जोडपंच समजतो. हळदीला दोघं पिवळ्यात, खांद्यावर हात, खाली 'ट्विनिंग इज विनिंग'. मग कुणीतरी अभिनंदन करतं आणि सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून अशा फोटोत नात्याचा शब्द पहिल्या तीन-चार शब्दांतच यायला हवा, दुसऱ्या ओळीत आला तर उशीर होतो.

'दादाला म्हटलं होतं, पिवळा घाल. ऐकलं, हे पहिल्यांदाच.' किंवा भावाच्या बाजूने: 'ताईने शर्ट हातात दिला. विचारलं नाही, दिला.' दोन्हींत नातं सुरुवातीलाच आहे आणि फरक वागण्यातला आहे, एक हुकूम सोडणारी आणि एक ऐकणारा. मावस, चुलत, आते, मामे यांतलं जे असेल ते लिहायला लाजू नका. 'मामेभाऊ' हा एक शब्द 'कझिन'पेक्षा किती जास्त सांगतो बघा. आजोळ कुठलं, लहानपणीची सुट्टी कुठे गेली, सगळं त्यात आलं.

अख्ख्या घराने एकाच रंगात फोटो काढला की 'बँडवाले वाटताय' हे कुणीतरी म्हणणारच. ते स्वतःच आधी लिहून टाका, 'बँड आलाय, वरात पाठवा', की पुढचा विनोद करायला कुणाला जागा उरत नाही.

मैत्रिणी, आणि नवरात्राचा खास पेच

मैत्रिणींच्या बाबतीत नात्याचा शब्द घरातून मिळत नाही, म्हणून फरक आणि सारखेपणा दोन्ही शोधावे लागतात. सगळ्यात सोपा आणि खरा फरक आडनावाचा: 'आडनावं दोन, शिंपी एक.' शिंप्याऐवजी तुमचं जे खरोखर एक असेल ते घाला, डबा, लोकल, खोली, घरमालकीण. खोलीत एकत्र राहणाऱ्या मैत्रिणींचे कपडे बऱ्याचदा एकाच कपाटातले असतात. तिथे 'यातला एक माझा आहे, दुसराही माझाच आहे' अशी ओळ चालते, कारण ती खरी असते.

नवरात्राचे नऊ रंग हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्या नऊ दिवसांत मुंबईच्या लोकलमध्ये, बँकेत, शाळेच्या शिक्षकखोलीत सगळ्याच जणी ठरलेल्या रंगात असतात. रंगांचा क्रम दर वर्षी बदलतो आणि तो सगळ्यांना माहीत असतो. अशा दिवशी 'हिरव्यात ट्विनिंग' लिहिलं तर त्यात तुमच्या दोघींचं असं काय? डब्यातल्या चाळीस जणी हिरव्यातच आहेत. त्यामुळे रंग सोडून त्याच्या आत शिरावं लागतं. काठ जुळलाय का? दोघींनी नकळत एकाच दुकानाची साडी घेतलीय का? न ठरवता दोघींच्या कानात तेच झुमके आहेत का? मग ओळ अशी होते: 'आज अख्खा डबा हिरवा. काठ मात्र फक्त आमचे जुळले.' किंवा ठरवून न केलेल्या जुळणीसाठी: 'रंग पेपरने ठरवला, झुमके आम्ही नाही ठरवले.' इथे गर्दीशी असलेला सारखेपणा आधी सांगितला आणि दोघींचा वेगळा सारखेपणा मागून आला. सूत्र तेच, फक्त उलटं फिरवलेलं.

मूळ सूत्राला हा एकच अपवाद. सगळेच सारखे असतात तेव्हा सारखेपणाच फरक होतो.

टाकताना

इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं more च्या मागे जातं. म्हणून दुहेरी शब्द, नात्याचा शब्द आणि 'एकच' हे सगळं पहिल्या ओळीत. पहिल्या ओळीत इमोजींची रांग किंवा हॅशटॅग ठेवले तर सगळ्यात मोलाची जागा त्यांनीच खाल्ली. हॅशटॅग शेवटी, दोन-तीन पुरे. देवनागरी हॅशटॅग चालतात, फक्त मधे जागा सोडली की टॅग तिथेच तुटतो. `#खण एकच` लिहिलं तर टॅग होतो फक्त `#खण`.

Tag people मधून Invite collaborator निवडून दुसरीला आमंत्रण पाठवलं आणि तिने ते स्वीकारलं, की एकच पोस्ट दोघींच्या खात्यांवर दिसते. ट्विनिंगसाठी ही सोय अगदी योग्य आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. वर दोन नावं येतात आणि खाली लिहिलेलं असतं 'मी'. कोणती मी? 'ताई नेसली, मी घातला' हे ताईच्या खात्यावर ताईनेच लिहिल्यासारखं वाचलं जातं आणि गोंधळ होतो. म्हणून एकत्र पोस्ट करायची असेल तर 'मी' काढून टाका आणि दोघींनाही बाहेरून बघा: 'खण एकच. थोरली नेसली, धाकटीने शिवून घेतला.' आता ही ओळ दोन्ही खात्यांवर खरी आहे.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला कॅप्शन फोटोच्या खालच्या भागावर येतं. साडीचा काठ आणि निऱ्या नेमक्या तिथेच असतात. दोन-तीन ओळी झाल्या की जे दाखवायचं तेच झाकलं जातं. तिथे एकच ओळ, किंवा फोटो थोडा वरून कापून खाली रिकामी जागा ठेवा. घरच्या ग्रुपवर टाकताना नात्याचा शब्द गाळला तरी चालतो, तिथे सगळ्यांना माहीत आहे थोरली कोण. तिथे नुसतं 'नेसली एक, घातला एकीने' पुरतं.

लेखनात दोन चुका फार दिसतात. 'बहीण' आणि 'मैत्रीण' यांतली ई दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: बहिणीसोबत, मैत्रिणीचा, बहिणी. 'बहीणीसोबत' चुकीचं. आणि 'निऱ्या' हा शब्द साध्या र ने लिहिला तर 'निर्या' होतो, अर्थच उरत नाही. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य.

पाठवण्याआधी शेवटचं काम म्हणजे मसुदा दुसरीला पाठवणं. फोटो तिचाही आहे आणि हकिगतही. चार दिवाळ्यांचा हिशोब तिला मान्य नसेल तर ती तीन म्हणेल. तेव्हा तीन लिहा, आणि चौथीचा वाद खाली प्रतिक्रियांमध्ये होऊ द्या. लहान मुलांच्या सारख्या कपड्यांतला फोटो असेल आणि ते कपडे शाळेचा गणवेश असतील, तर खिशावरचं शाळेचं बोधचिन्ह फोटोतून कापून टाका आणि कॅप्शनमध्ये शाळेचं नाव, वर्ग किंवा मुलांची पूर्ण नावं लिहू नका. 'दप्तरं दोन, डबा एकच संपला' एवढ्यात त्यांचंही ट्विनिंग पुरं होतं.